चुकीच्या उत्तरांना मी दिलेले तीन मार्क

पेपर वाटून झाल्यावर एक मुलगी दोन उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी आली. एक तिची, एक तिच्या मैत्रिणीची. "मॅडम, हिचं उत्तर तीन आलंय, माझं तीन पूर्णांक सत्तावीस. दोघींना तीनपैकी तीन कसे?"

मी अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवते. प्रश्न मीच काढलेला होता आणि अगदी साधा होता. १० किलोचा ठोकळा ३०° च्या उतारावरून घसरतोय, घर्षणगुणांक ०.२, तर त्वरण किती? माझ्या उत्तरसूचीत ३.२ होतं, कारण मी g ची किंमत ९.८ घेतली होती. मुलं १० घेतात, त्याला माझी कधीच हरकत नसते. १० घेतलं की बरोबर उत्तर ३.२७ येतं. म्हणून तपासताना तीनच्या आसपासचं काहीही दिसलं की "g चा फरक असेल" असं म्हणून मी टिक करत गेले होते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले होते, हे कारण आहे, सबब नाही.

मैत्रिणीच्या पेपरात लिहिलं होतं: उताराच्या दिशेने ओढ ५० न्यूटन, घर्षण ०.२ × १०० म्हणजे २० न्यूटन, उरले ३०, म्हणून त्वरण ३. म्हणजे उतार ठोकळ्याला त्याच्या पूर्ण वजनाइतक्या जोराने वर रेटतोय, असं तिने गृहीत धरलं होतं. ठोकळा सपाट टेबलावर असता तर ते खरं होतं. उतारावर तो रेटा, ज्याला मुलं नुसतं 'नॉर्मल' म्हणतात, mg cosθ इतकाच असतो. इथे ८६.६ न्यूटन. घर्षण त्यामुळे १७.३, आणि त्वरण ३.२७.

मी सगळा गठ्ठा परत घरी नेला. ४१ पेपर.

नुसतं शेवटचं उत्तर पाहून काही कळणार नव्हतं, कारण कुणी g ९.८ घेतलं होतं, कुणी १०, कुणी ९.८१. मग एक सोपी युक्ती सापडली. मुलाने g ची जी किंमत घेतली असेल, तिनेच त्याच्या उत्तराला भागायचं. वस्तुमान तर आधीच निघून गेलेलं असतं, g ही निघून जातं आणि मागे उरतो फक्त उतार आणि घर्षणाचा हिशोब. बरोबर केलं असेल तर ०.३२७, चूक केली असेल तर नेमकं ०.३. मधलं काही येत नाही. ज्यांचं २.९४ होतं, त्यांना मी आधी ३.२ च्या जवळचे समजले होते. ९.८ ने भागल्यावर ते सरळ ०.३ निघाले.

पुढे पुढे भागायचीही गरज उरली नाही. ३०° च्या गणितात sin ची किंमत अर्धी असते, स्वच्छ. cos मध्ये मात्र √३ येतो, आणि तो हिशोब खराब करतो. ज्या पानावर √३ किंवा ०.८६६ कुठेच नाही आणि उत्तर गोल, छान आलंय, तिथे नॉर्मल चुकलेलं आहे हे न वाचताच कळत होतं. अशी १७ पानं निघाली. त्यातल्या ११ जणांना मी पूर्ण मार्क दिलेले होते.

दिलेले मार्क मी परत घेतले नाहीत. चूक तपासणाऱ्याचीही होती. पण त्या १७ पानांवर एक गोष्ट सारखी दिसली, ती महत्त्वाची वाटली. एकानेही उताराच्या दिशेने पूर्ण mg घेतलं नव्हतं. तिथे सगळ्यांनी नीट sin लावला होता. चूक फक्त घर्षणात होती. म्हणजे मुलांना वजनाचे दोन घटक करता येत होते, पण घर्षणाकडे आले की सपाट टेबलावरच्या आठ-दहा गणितांत घोटून पाठ झालेलं घर्षणगुणांक गुणिले पूर्ण वजन, म्हणजे μmg, जसंच्या तसं उचलून ठेवत होते. त्यांच्या लेखी घर्षणाचं सूत्र μN नव्हतंच, μmg हेच होतं. आणि ती गणितं त्यांना त्याच क्रमाने मी दिली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर एका मुलाने फार प्रामाणिक शंका काढली. "मॅडम, फळी तिरकी केली म्हणून ठोकळ्याचं वजन कमी कसं होईल? उरलेलं गेलं कुठं?"

याला फळ्यावर बाण काढून उत्तर देता आलं असतं. पण बाण त्यांनी पेपरातही काढले होतेच. मी घरून स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणला. ६० सेंटिमीटरची फळी घेतली आणि तिचं एक टोक ३० सेंटिमीटर उचलून पुस्तकांवर टेकवलं. उंची लांबीच्या निम्मी झाली की कोन ३०° चा होतो. काटा फळीला चिकटपट्टीने पक्का केला, त्यावर रबराचा तुकडा ठेवला म्हणजे पिशवी घसरणार नाही, आणि तिरक्या अवस्थेतच काटा शून्यावर आणला. हे शेवटचं विसरलं तर काट्याच्या स्वतःच्या ताटलीचं वजन घोळ घालतं. मी घरी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा विसरले होते. साखरेची पिशवी सपाट टेबलावर १००४ ग्रॅम भरली होती. उतारावर काट्याने ८७२ दाखवले. १००४ ला ०.८६६ ने गुणलं तर ८६९ येतात. घरगुती काट्याकडून याहून जास्त काय मागायचं.

"मग उरलेलं?" त्याने पुन्हा विचारलं. कुठेही गेलेलं नाही. काटा फक्त त्याच्या ताटलीला काटकोनात पडणारा दाब मोजतो. पिशवीला खाली घसरू न देण्याचं काम रबराचं घर्षण करतंय, आणि ते काट्याला दिसत नाही. नॉर्मल आणि घर्षण मिळून पूर्ण वजन तोलतात. नुसती बेरीज करू नका, दोन्ही बलं एकमेकांशी काटकोनात आहेत, वर्गांची बेरीज करा: ८६.६ चा वर्ग ७५००, ५० चा २५००, मिळून १००००, म्हणजे १०० चा वर्ग. हे त्याला पटलं. चेहऱ्यावर दिसलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "पण मॅडम, फरक किती, तीन आणि सव्वातीन." खरं होतं. १०° च्या उतारावर तर ही चूक घर्षणात दीड टक्क्याचाच फरक पाडते. ३०° ला १५ टक्के, ६०° ला घर्षण थेट दुप्पट होतं. मी म्हटलं, फळी पार उभी करा. ९०°. तुमच्या नॉर्मलप्रमाणे भिंतीलगत सोडलेला ठोकळा ८ च्या त्वरणाने पडेल, कारण घर्षण त्याला धरून ठेवतंय. मग डस्टर फळ्याला टेकवला आणि हात काढला. धरलं कुणीच नाही. दाबणारंच कुणी नसेल तर घर्षण कशाचं?

पुढच्या चाचणीसाठी मी प्रश्न बदलला. कोन ३०° च, ठोकळा तोच, पण घर्षणगुणांक ०.५५, स्थिर आणि घसरता दोन्हींसाठी एकच. विचारलं एवढंच: ठोकळा घसरेल का? बरोबर हिशोबात घर्षण जास्तीत जास्त ४७.६ न्यूटन देऊ शकतं आणि ओढ आहे ५०, म्हणजे घसरेल, अगदी हळू का होईना. नॉर्मल १०० धरलं तर घर्षण ५५ पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ठोकळा जागचा हलणार नाही. ३०° ला घर्षणगुणांक ०.५ आणि ०.५७७ यांच्या मधला कुठलाही घेतला की हा निकाल उलटतो, कारण खरी सीमा tan ची आहे आणि चुकीची सीमा sin ची. आता "जवळपास बरोबर" म्हणायला जागाच नव्हती. या वेळी चुकलेले चारच निघाले.

मला वाटलं, झालं काम. पण मुलांनी एक पाठांतर सोडून दुसरं धरलं होतं. उतार दिसला की N = mg cosθ. हे माझ्या लक्षात आलं सहामाहीच्या सरावात. तिथे मी त्याच ठोकळ्याला आडव्या दिशेने ४० न्यूटनने उताराकडे ढकललं. आडवा जोर थोडा उतारावर वर चढवतो आणि थोडा ठोकळ्याला फळीत दाबतो. उताराला काटकोनात ठोकळा ना फळीत रुततो ना वर उठतो, म्हणून त्या दिशेची बलं जुळलीच पाहिजेत: ८६.६ अधिक २०, नॉर्मल १०६.६ न्यूटन. वजनापेक्षाही जास्त. हे बऱ्याच जणांना छापील चूक वाटली. (वळणावर बाहेरची कड उचललेल्या, म्हणजे बँकिंगच्या रस्त्यावर घर्षण नसताना गाडीवरचं नॉर्मल mg ला cosθ ने भागून येतं, गुणून नाही, कारण तिथे गाडी आडव्या दिशेला वळतेय. ते प्रकरण आधीच झालेलं होतं, पण ते आणि हे एकच आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.)

त्या गणितात घर्षणगुणांक ०.१६ होता. घसरण्याची ओढ उरते ५० वजा ३४.६, म्हणजे १५.४ न्यूटन. खरं घर्षण १७ पर्यंत जाऊ शकतं, म्हणून ठोकळा थांबतो आणि प्रत्यक्षात घर्षण लागतं तेवढंच, १५.४. mg cosθ पाठ केलेल्यांचं घर्षण १३.९ वर संपलं आणि त्यांचा ठोकळा घसरला. त्यांचे मार्क मी कापले.

मग एक पेपर आला त्या "उरलेलं गेलं कुठं" वाल्या मुलाचा. त्याने नॉर्मल सरळ १०० घेतलं होतं. घर्षण १६ पर्यंत जाऊ शकतं, १५.४ पेक्षा जास्त, म्हणून ठोकळा थांबेल, आणि घर्षण १५.४ न्यूटन वरच्या दिशेने. निकाल बरोबर, आकडा बरोबर, दिशाही बरोबर. मी त्याच्या पेपरावर पेन धरून बराच वेळ बसले. शेवटी दोन मार्क दिले, एक उताराच्या दिशेच्या हिशोबाचा आणि एक थांबलेल्या ठोकळ्याचं घर्षण μN न लिहिता ओढीइतकं लिहिल्याचा, आणि १०० भोवती गोल काढला.

तो आला दुसऱ्या दिवशी. "मॅडम, उत्तर तर सूचीतलंच आहे." मी कपाटातून फळी काढली आणि त्याच्या हातात वजनकाटा दिला.