आमची वाटचाल : कन्सोल गेला, दिवाळी पहाट झाली

मिरजेत साउंडचा धंदा करायचा म्हणजे तयार कानांच्या गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं. सतारमेकर गल्लीत तानपुरे जुळवताना ऐकत इथली पोरं मोठी होतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. वडिलांनी दोन भोंगे आणि एका आहुजाच्या अँप्लिफायरवर लग्नाच्या मांडवातून सुरुवात केली. मी स्पीकर वाढवले, गाडी घेतली. पुतण्या साउंड इंजिनिअरिंग शिकून आला आणि आम्ही सगळ्या माइकचे आवाज मिसळणारा डिजिटल कन्सोल घेतला. आज गाण्याच्या कार्यक्रमांना आम्हाला लांबून बोलावणी येतात. त्याचं मूळ एका दिवाळी पहाटेत आहे आणि त्या पहाटेचं श्रेय पूर्णपणे पुतण्याचं आहे.

शेजारच्या तालुक्याचं गाव, शाळेचं मैदान, साडेपाचला सुरुवात. साउंडचेक रात्रीच झालं होतं. दोन गायक, निवेदिका, हार्मोनियम, तबला, बासरी, साइड ऱ्हिदम, कीबोर्ड, गिटार. सगळे माइक स्टेजवरच्या स्टेज बॉक्समध्ये आणि तिथून एकच नेटवर्क केबल मैदानाच्या मध्यावर कन्सोलला. जनरेटर आयोजकांचा, थ्री फेज. एका फेजवर लाइट, दुसऱ्यावर आमचे अँप्लिफायर, तिसऱ्यावर नुसता कन्सोल आणि त्याच्या टेबलावरचा बल्ब.

सव्वापाचला लाइटवाल्याने सगळे दिवे एकदम चढवले. स्टेज उजळण्याऐवजी मंद झालं आणि आमच्या टेबलावरचा साधा पिवळा बल्ब पांढराफटक पेटला. पाठोपाठ ‘फट्’ आवाज आला आणि कन्सोलची स्क्रीन काळी पडली.

पुतण्या कन्सोलकडे वळलाच नाही. “काका, साउंडचे सगळे प्लग काढा, आधी अँप!” म्हणत तो मीटर घेऊन बोर्डाकडे धावला. एका ठिकाणी दिवे मंद आणि दुसरीकडे बल्ब प्रखर, हे दिसलं की न्यूट्रल तुटलेला किंवा सैल आहे असं समजायचं. न्यूट्रल धड असला की प्रत्येक फेजला आपापले 230 व्होल्ट मिळतात. तो निसटला की तिन्ही फेज एकमेकांत व्होल्टेज वाटून घेतात आणि ही वाटणी लोडवर ठरते. जास्त लोड असेल तिथलं व्होल्टेज घसरतं, कमी लोड असेल तिथलं चढतं. नुसता कन्सोल असलेल्या आमच्या फेजवर मीटर तीनशेच्या वर गेला आणि लाइटच्या फेजवर दीडशेच्या आसपास राहिला. जनरेटरच्या टर्मिनलवर न्यूट्रल वायरीच्या टोकाचा लग हाताने हलत होता. पुतण्याने जनरेटर बंद करायला लावला.

आयोजक धावत आले. “फ्यूज उडाला असेल, दुसरा टाका की.” पुतण्याने कन्सोलच्या पॉवर सॉकेटमधला फ्यूज काढून त्यांना टॉर्चखाली दाखवला. जास्त भाराने फ्यूज गेला तर सहसा आतली तार मधेच तुटलेली दिसते. इथे काच आतून काळी झाली होती, म्हणजे आत थेट शॉर्ट. नवा टाकला असता तर तोही त्याच क्षणी गेला असता. “हा आज चालणार नाही,” तो म्हणाला, “पण कार्यक्रम होईल. तुम्ही दीपप्रज्वलन आणि सत्कार आधी घ्या, माइकशिवाय. मला एवढाच वेळ पुरेल.”

अंधारात पणत्या लागल्या, लोक शांत बसले. तेवढ्यात मी गाडीतून बारा चॅनेलचा जुना अ‍ॅनालॉग मिक्सर आणला. अनाउन्समेंटच्या कामांसाठी तो गाडीत असतोच. अडचण अशी की आता स्टेजवरून मैदानापर्यंत माइकची वायरच नव्हती. ती नेटवर्क केबल अ‍ॅनालॉग मिक्सरला उपयोगाची नाही आणि आमचा स्टेज बॉक्स कन्सोलशिवाय नुसता डबा. म्हणून पुतण्याने मिक्सर थेट स्टेजच्या विंगेत ठेवला. माइकच्या वायरी तिथेच, अँप्लिफायरचा रॅकही तिथेच. स्टेज बॉक्समधून काढायचं आणि मिक्सरमध्ये लावायचं, मधे काही नाही.

मिक्सरला माइकची सॉकेटं आठच होती, त्यामुळे काय ठेवायचं हे ठरवावं लागलं. गायकांचे दोन, हार्मोनियमचा एक, बासरीचा एक, साइड ऱ्हिदमचे दोन. तबल्याचे दोन माइक काढून दायाँ-बायाँच्या मधे एकच ठेवला. तो बायाँकडे थोडा कलता, कारण दायाँ आपोआप पोचतो. आठवा गिटारला. कीबोर्ड लाइन इनपुटला गेला. निवेदिकाताईंना त्याने हात जोडून सांगितलं, “ताई, तुम्ही गायिकेच्याच माइकवर बोला.” आणि तानपुऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र हार्मोनियमच्या माइकजवळ सरकवलं.

वीज शाळेच्या ऑफिसातल्या सॉकेटमधून घेतली, पण आधी मीटर लावूनच. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एखादा व्होल्ट. एका सॉकेटवर सगळा भार टाकायचा नाही म्हणून सबवूफर बंदच ठेवले. भावगीतांना त्यांची फारशी गरजही नसते. सुदैवाने अँप्लिफायरच्या फेजवर व्होल्टेज तेवढं चढलं नव्हतं, ते वाचले होते.

मास्टर खाली, मिक्सर चालू, हार्मोनियमच्या कंडेन्सर माइकला लागणारी फँटम वीज चालू, आणि सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. हा क्रम घाईतही त्याने चुकू दिला नाही, नाहीतर मिक्सर चालू होतानाचा दणका थेट स्पीकरमध्ये जातो. मग गायकाला म्हणाला, “बुवा, तारसप्तकातला सा लावा, अगदी मोकळ्या आवाजात, फक्त माझ्यासाठी.” स्पीकर अजून बंदच, कानाला हेडफोन. त्या सा ला मिक्सरचा मीटर शून्याच्या थोडा खाली राहील इतपत गेन दिला, म्हणजे बुवा पुढे मोकळे गायले तरी आवाज फाटणार नाही. गायकांच्या माइकला लो-कट लावला.

खरी कसोटी मॉनिटरची, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरची होती. कन्सोलमध्ये प्रत्येकाला वेगळा मॉनिटर आणि शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी कापायला ग्राफिक इक्वलायझर होता. इथे मॉनिटरला आवाज पाठवणारा प्री-फेडर ऑक्स एकच आणि इक्वलायझर नाही. त्याने तीनच मॉनिटर ठेवले आणि ते गायकांच्या माइकच्या बरोबर पाठीमागे वळवले, कारण कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो. त्यात गळे, हार्मोनियम आणि थोडा तबला, एवढंच सोडलं. बासरीवाले दादा म्हणाले, “मला माझं ऐकू येत नाही.” पुतण्याने त्यांना हार्मोनियमच्या शेजारी बसवलं.

विंगेतून समोरचा आवाज कळत नाही. त्यासाठी मी मैदानाच्या मध्यावर, कन्सोलच्या जागी उभा राहिलो. छातीला हात म्हणजे गळा वाढव, तळवा खाली म्हणजे ताल कमी कर, असं ठरलं होतं. पाच चाळीसला पहिली भूपाळी सुरू झाली. मी दोनदा तळवा खाली केला, एकदा छातीला हात लावला, त्यानंतर हात हलवावा लागला नाही. त्या गळ्याला थोडा रिव्हर्ब आणि समोरून उजळणारं आकाश, इतकं पुरलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, “आज आवाज फार सुरेख लागलाय, नवीन मशीन आणलंय का?” मी त्यांना विंगेत नेऊन पुतण्याची ओळख करून दिली.

कन्सोलच्या पॉवर सप्लायमधला सर्जसाठीचा भाग फुटला होता. सप्लाय बदलून तो परत सुरू झाला. आता आमच्या बोर्डात ओव्हर-व्होल्टेज रिले आहे. व्होल्टेज 270 च्या वर गेलं की तो लाइन तोडतो. कन्सोल ऑनलाइन यूपीएसवर चालतो. जनरेटर कोणाचाही असो, न्यूट्रलचा लग आमचा माणूस स्वतः पाना लावून बघतो आणि तिन्ही फेज लोडसकट मोजल्याशिवाय आमचा प्लग लागत नाही. अ‍ॅनालॉग मिक्सर आता प्रत्येक मैफलीला विंगेत वायरीसकट तयार उभा असतो. कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ असते. ती कमी करा म्हणणाऱ्या आयोजकांना मी ही पहाट सांगतो, आणि ओळ राहते.