स्विस रोल: ओला पंचा आणि बंद पंखा

मंडळी, या वेळचा रोल एकाही भेगेशिवाय गुंडाळला गेला. साहित्य नेहमीचंच होतं: 4 अंडी, 100 ग्रॅम साखर, 80 ग्रॅम मैदा, 2 मोठे चमचे तेल आणि तेवढंच कोमट दूध. ट्रे 10 बाय 12 इंचांचा. बदल केला तो केक बाहेर काढल्यानंतरच्या दोन मिनिटांत.

स्पंज गरम आणि ओलसर असतो तोवरच वाकतो. वाफ निघून गेली की तो कडक होत जातो, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळी हवेत कडा तर बघता बघता वाळतात. म्हणून केक काढायच्या आधीच स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. हे फार महत्त्वाचं आहे.

कापड कोणतं, यावर मी बराच विचार केला. आपल्याकडचे टॉवेल सुरेख असतात, पण त्यांची लव केकला चिकटते. पातळ सुती पंचा उत्तम. तो कडकडीत पाण्यात भिजवून, थेंबही गळणार नाही इतका पिळला आणि ओट्यावर पसरला. त्यावर बटर पेपर आणि पेपरवर पिठीसाखर. पेपर नसेल तर ओल्या पंच्यावर साखरेचा पाक होतो आणि केकची वरची तपकिरी साल पंच्याबरोबर निघून येते.

190 अंशांवर माझ्या ओटीजीत 10 मिनिटं पुरतात. मध्यभागी बोटाने दाबलं की स्पंज परत वर यायला हवा. कडा ट्रेपासून सुटून आत ओढल्या गेल्या असतील, तर तो जास्त भाजला गेलाय. मग पंचा कितीही गरम असो, भेगा पडणारच.

केक लगेच पेपरवर उलटा केला, तळाचा कागद सोलला आणि चारही कडांची अर्धा सेंटिमीटर पट्टी कापून टाकली, कारण भेग सुरू होते ती त्या वाळक्या कडेतून. जवळच्या बाजूपासून दोन सेंटिमीटरवर सुरीने अर्ध्या जाडीपर्यंत आडवी चीर दिली. पहिला वळसा तिथेच दुमडतो. मग पंच्याचं टोक उचलून केक पेपरसकट पुढे ढकलत नेला. आख्खी गुंडाळी त्याच पंच्यात लपेटून, जोड खाली ठेवून, अर्धा तास तशीच राहू दिली. वाफ आतच राहिली आणि केकला गोल आकाराची सवय लागली.

उलगडताना आतलं टोक वळलेलंच राहू दिलं. ते सपाट करायला गेलं की हमखास तडकतं. क्रीम लावलं ते केक पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर या उकाड्यात वितळून बाहेर येतं. आतल्या टोकाशी पातळ थर, आणि शेवटची बोटभर जागा मोकळी.

पुढच्या वेळी 15 ग्रॅम मैद्याऐवजी कोको घालणार आहे. कोको ओलावा जास्त शोषतो, म्हणून दूध चमचाभर वाढवून बघेन.