दिवाळीचा मेसेज नव्यानं लिहिला तो दिवस

लातूरच्या आमच्या मोटर-पंपाच्या दुकानातून गिऱ्हाइकांना दिवाळीचा मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे असतं. नमुना ठरलेला: पणत्या, मालकांचा फोटो आणि खाली ‘ही दिवाळी आपणांस भरभराटीची जावो’. 2025 च्या दिवाळीआधी तो उघडला आणि पाठवायला हात धजेना. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं सोयाबीन रानातच सडलं होतं, नदीकाठची माती खरवडून गेली होती. आमची गिऱ्हाइकं तीच माणसं. त्यांना भरभराट कोणत्या तोंडानं म्हणायची?

मालकांना म्हटलं, “यंदा फोटो नको, मी लिहितो.”

ते म्हणाले, “लिही. पण उधारीचा विषय काढू नको.” नव्या पंपाचा भावही टाकायचा नाही, हे मी ठरवलं. खाली भाव आला की वरची शुभेच्छा जाहिरात होते.

मग दुरुस्तीची वही घेऊन बसलो. मांजराकाठच्या एका काकांची मोनोब्लॉक मोटर पुरात बुडाली होती. बेअरिंगात गाळ, वाइंडिंग जळालेलं. आम्ही ती भरून दिली होती. त्यांना लिहिलं:

“काका, रामराम. गाळातून काढलेली मोटर आता नीट पाणी ओढतेय ना? हरभऱ्याला पाणी देताना आवाज बदलला तर लगेच फोन करा. यंदाची दिवाळी जड आहे, ठाऊक आहे. घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.”

‘संकटातून सावरण्याचं बळ मिळो’ असंही आधी लिहिलं होतं. पण ते वाक्य चौकाचौकातल्या बॅनरवर होतं, म्हणून खोडलं. वहीतली गोष्ट मात्र आमच्याशिवाय दुसरं कुणी लिहूच शकत नव्हतं.

सगळ्यांना असं लिहिणं शक्य नव्हतं. त्या हंगामात दुकानात येऊन गेलेल्यांना एकेक करून लिहिलं. बाकीच्यांचे गावानुसार गट केले आणि त्या गावाला लागू पडेल अशी एकच ओळ घातली: कुठे वाहून गेलेला पूल, कुठे बरेच दिवस बंद राहिलेली लाइन. हे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवले. त्यात एक मेख आहे. ज्यानं दुकानाचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. असे जे माहीत होते, त्यांना वेगळा मेसेज टाकला.

दोन घरी त्या वर्षात माणूस गेलं होतं. तिथे कसलीच शुभेच्छा पाठवली नाही. मालक स्वतः फराळ घेऊन जाऊन आले. अशी नावं यादीतून आधी काढायला हवीत, नाहीतर गटासोबत मेसेज जातोच.

एरवी उत्तरात नुसते जोडलेले हात यायचे. यंदा काकांनी आवाजात निरोप पाठवला: मोटर ठीक आहे, पण स्टार्टर रात्री ट्रिप होतोय, पाडवा झाला की माणूस पाठवा.