सॉस कमी, पळी तेवढीच

वजन कमी करायला आलेल्या माणसावर मी खोटेपणाचा संशय घेतला, हे अजून डोक्यातून जात नाही.

सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर, वय 38. सहा आठवडे रोजचं खाणं वहीत लिहून आणत होते आणि वजन 200-300 ग्रॅमच्या पुढे हलत नव्हतं. वहीत आठवड्यातून तीनदा एकच ओळ दिसायची : "हाका नूडल्स 1 प्लेट, सॉस कमी, 250 कॅलरी." हा आकडा मोबाइलच्या ॲपमधला. चौथ्या आठवड्यात मी विचारलं, "सगळं लिहिताय ना?" ते म्हणाले, "मॅडम, पाव तुकडाही सोडलेला नाही." मला पटलं नाही. चेहऱ्यावर ते दिसलंही असणार.

शेवटी एका बुधवारी संध्याकाळी वजनकाटा पिशवीत टाकून त्यांच्याबरोबर त्या चायनीजच्या गाडीवर गेले. गाडीवाल्या भाऊंना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "मोजा की, लपवायचंय काय!"

पळी मोजण्यात अर्थ नसतो, कारण कधी ती काठोकाठ भरते, कधी नाही. म्हणून मी तेलाचा डबाच काट्यावर ठेवला. आधी 2,640 ग्रॅम. तीन नूडल्स आणि दोन फ्राइड राइस उतरल्यावर 2,455. म्हणजे 185 ग्रॅम गेलं, प्लेटमागे 37. हे फक्त कढईत डोळ्यांसमोर पडलेलं तेल.

न दिसणारं तेल त्याआधीच पडलेलं असतं. नूडल्स दुपारीच उकडून थंड करतात आणि गोळा होऊ नये म्हणून तेल चोळून परातीत ठेवतात. पाच किलो कोरड्या नूडल्सला अर्धा लिटरची पिशवी, असं भाऊंनी सांगितलं. उकडल्यावर त्या साधारण 12 किलो होतात, म्हणजे प्लेटमधल्या 280 ग्रॅम नूडल्सबरोबर 10-11 ग्रॅम तेल येतंच. शिवाय चमचाभर शेजवान. ती चटणी लसूण आणि लाल मिरची तेलात परतून करतात, वर तरंगणारा तवंग तेलाचाच. तिथून सहाएक ग्रॅम. कढईला आणि कागदी प्लेटला चिकटलेलं चारेक ग्रॅम वजा केलं तरी पोटात 50 ग्रॅम तेल जातं. ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर 450. नूडल्सच्या साधारण 390, कोबी-गाजर आणि सॉसच्या मिळून 40. एका प्लेटला 880.

सॉसचं गणित मात्र त्यांनी उलटं धरलं होतं. दोन चमचे सोया सॉसमध्ये 10-15 कॅलरी असतील. चिली सॉसही किरकोळच. "सॉस कमी" सांगून त्यांनी जेमतेम 10 कॅलरी वाचवल्या, तेलाची पळी होती तेवढीच राहिली. सोया सॉसमध्ये असतं ते मीठ. दोन छोट्या चमच्यांत 600 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, वर भाऊंच्या हातचं मीठ आणि अजिनोमोटो वेगळं. एवढ्या सोडियमने शरीर पाणी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी काटा अर्धा-पाऊण किलो वर जाऊ शकतो. हे गृहस्थ रविवारी रात्री नूडल्स खाऊन सोमवारी सकाळी माझ्याकडे वजन करायला यायचे! ती वेळ मीच दिली होती.

आठवड्याला 2,800 कॅलरींची तूट होईल असा आहार मी आखून दिला होता. तीन प्लेटमागे न मोजलेल्या जवळजवळ 1,900 गेल्या. उरलेल्या 900 मध्ये आठवड्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम चरबी उतरत असेल, तीही पाण्याखाली झाकली जात होती. माणूस खरं लिहीत होता.

माझे काही सहकारी अशा वेळी "बाहेरचं बंद" एवढं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सेकंड शिफ्ट करून घरी परतणारा माणूस खाणार काय, हे आधी विचारावं. मी भाऊंना अर्ध्या पळीत करून बघायला सांगितलं. पहिल्या खेपेला नूडल्स कढईला चिकटून तुटल्या. त्यांनीच मग युक्ती काढली : नूडल्सवर गरम पाण्याचा हबका मारून, हाताने मोकळ्या करून मग टाकल्या. काटा 19 ग्रॅमवर थांबला. चव थोडी कोरडी, पण चालण्यासारखी.

आता वजन आम्ही गुरुवारी बघतो, आदल्या रात्री घरचं जेवण असेल तेव्हा. नूडल्स आठवड्यातून एकदाच. परवाच्या वहीत ओळ होती : "नूडल्स, अर्धी पळी, शेजवान नाही." पुढे त्यांनी कॅलरीचा आकडा लिहिला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्हीच लिहा मॅडम, ॲपवर आता विश्वास नाही." मी 660 लिहिलं आणि त्या संशयाबद्दल त्यांची माफी मागितली.