शाई वाचवणारे केस

परवा आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि मिनिटभर टीव्हीकडे बघून म्हणाली, “ही निळ्या केसांची पोरगी घुमी दिसते. आणि ती तांबडी भांडकुदळ.” आवाज बंद होता. मी ‘इव्हँगेलियन’ ही 1995ची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका पुन्हा बघत होतो. त्यातली रेई मोजकंच बोलते आणि आसुका आली की घर डोक्यावर घेते. आईनं बरोब्बर ओळखलं होतं.

यात केसांचा वाटा मोठा आहे. अ‍ॅनिमेत मोठे डोळे, टिकलीएवढं नाक असा चेहऱ्याचा साचा ठरलेला. केस पुसून टाकले तर पाच मैत्रिणी ओळखू येणार नाहीत. मग थंड स्वभावाला निळा, तापट डोक्याला लाल.

मला मात्र यातला एक किस्सा फार आवडतो, कारण तो कष्ट वाचवण्याचा आहे. अकिरा तोरियामाची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा साप्ताहिकात काळ्या-पांढऱ्यात छापली जाई. तिच्या नायकाचे, गोकूचे केस काळे. म्हणजे दर आठवड्याला, चौकटीमागून चौकट, ते काटेरी केस शाईनं भरत बसायचं. आणि हे काम मदतनिसाच्या गळ्यात. पुढे गोकू संतापून सुपर सायन या कैकपट ताकदवान रूपात गेला, तेव्हा तोरियामानं केस कोरेच ठेवले. मदतनिसाचा वेळ वाचावा, असं कारण त्यानं स्वतःच सांगितलंय. पण पानावर त्याचा परिणाम बघा: इतकी वर्षं काळं असलेलं डोकं एकदम पांढरं! संवाद वाचायच्या आधीच, नुसतं पान उलटताना कळतं, की आता याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. टीव्हीवर तेच केस सोनेरी झाले.

टीव्हीचा संसारही काटकसरीचाच. 1963च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून एकच चित्र तीन-तीन फ्रेम दाखवायची पद्धत रुळली; सेकंदाच्या 24 फ्रेमना आठ चित्रं पुरतात. त्यात गालाची थरथर काढत कोण बसणार? चेहरा तसाच ठेवायचा आणि वर एक खूण चिकटवायची, हे स्वस्त. कपाळावरची ताणलेली शीर म्हणजे राग. हळूहळू ती शीर चार वाकड्या रेघांची इतकी सुटी खूण झाली, की आता केसांवरही काढतात. केसांत कुठली आलीय शीर!

या खुणांपाशी मात्र आई अडली. दुसऱ्या एका विनोदी मालिकेत एका मुलाच्या डोक्यामागे टपोरा थेंब लोंबत होता. “ताप उतरतोय वाटतं याचा,” ती म्हणाली. तो बिचारा ओशाळला होता. मग मी तिला रागाची खूण दाखवली, तिच्याच फोनमधल्या इमोजींत. ती एकदम गप्प झाली. गेली दोन वर्षं ते लाल फूल समजून ती रोज सकाळी माझ्या सासरेबुवांना ‘शुभ सकाळ’बरोबर पाठवत होती.