तारीख पुढं केलेला टॅब आणि काकांच्या गेलेल्या ७२ लेव्हल

विश्रामबागला आमचं चार जणांचं छोटं ऑफिस, पझल गेम बनवतो. सोमवारी ओळखीतले एक काका, हळदीच्या मार्केटात दुकान आहे त्यांचं, थेट ऑफिसातच आले. "काय रे पोरांनो, रात्री झोपताना २१२ लेव्हल होती, सकाळी १४० वर आलोय, ही काय भानगड?"

मला आधी वाटलं दुसऱ्याच अकाउंटनं लॉगिन झालं असेल. पण लॉगमध्ये बघितलं तर एकाच अकाउंटवर दोन सेव्ह, एक फोनचा आणि एक टॅबचा, आणि टॅबच्या सेव्हवर चक्क तीन दिवस पुढची तारीख. टॅब कोण वापरतं विचारलं तर नातू. झालं, लाइफ लवकर भराव्यात म्हणून पोरानं तारीख पुढं सरकवलेली, आणि आमचा नियम असा की ज्याची वेळ नंतरची तो सेव्ह खरा. वेळ कुठली, तर डिव्हाइसच्या घड्याळाची. चूक आमचीच.

सर्व्हरची वेळ घेऊ म्हटलं तरी भागत नव्हतं, कारण टॅब आठवडाभर नेटशिवाय होता आणि रविवारी रात्री जोडला गेला, म्हणजे शेवटी पोचलेला सेव्ह त्याचाच. सर्व्हरला सेव्ह पोचला कधी ते कळतं, खेळला कधी ते नाही. म्हणून आता प्रत्येक सेव्हसोबत तो कुठल्या नंबरच्या सेव्हवरून पुढं खेळला ते पाठवतो. दोघंही ४१ वरून निघालेले, फोन आधी पोचला म्हणून तो ४२ झाला, मग टॅब "मी ४१ वरून आलोय" म्हणाला की लगेच कळतं, दोन फाटे फुटलेत. इथं घड्याळ लागतच नाही.

मग जोडायचं कसं? लेव्हल आणि स्टार जास्तीचे घ्यायचे, उघडलेल्या वस्तू दोन्हीकडच्या एकत्र. आवाज चालू-बंद असल्या सेटिंगला सर्व्हरची वेळ चालते, चुकलं तरी कुणी रडत नाही.

खरी डोकेदुखी नाण्यांची. ४१ ला ५०० नाणी होती. फोनवर ९०० मिळाली, ३०० खर्च, शिल्लक ११००. टॅबवर २०० मिळाली, ६०० खर्च, शिल्लक १००. जास्तीचा आकडा घेतला तर नातवाचा खर्च फुकटात जातो, बेरीज केली तर १२०० होतात, म्हणजे मूळचे ५०० दोनदा मोजले. म्हणून शिल्लक साठवायचीच नाही, प्रत्येक डिव्हाइसची मिळकत आणि खर्च वेगवेगळे ठेवायचे:

```
500 + (900 - 300) + (200 - 600) = 700
```

दोघांनी तेच ५०० उडवले तर उत्तर शून्याखाली जातं, तिथं आम्ही शून्य धरतो आणि वस्तू राहू देतो. थोडं नुकसान आमचं, पण तक्रार येत नाही.

जुने सेव्ह सर्व्हरवर ठेवलेले म्हणून वाचलो. संध्याकाळी दोन्ही जोडून काकांना फोन केला, २१२ परत आली. तर म्हणतात, "अरे पण नाणी ११०० होती की, ७०० कशी?"

"काका, ४०० नातवानं उडवलीत."

"असं होय. थांब, बघतोच त्याला."