लावणीचे दिवस आणि गुलाबी बाटली

सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत डॉक्सीसायक्लीनची गोळी आणि ॲसिडिटीचं गुलाबी औषध बऱ्याच घरांत एकाच फळीवर दिसतात. लेप्टो होऊ नये म्हणून शेतात उतरणाऱ्यांना ही गोळी आठवड्यातून एकदा देतात. तिने पोटात जळजळतं, म्हणून माणूस तिच्यावर लगेच दोन घोट गुलाबी औषध घेतो. जळजळ थांबते खरी, पण गोळी फुकट जाते. औषधातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डॉक्सीला धरून ठेवतं, आणि ती रक्तात न जाता बरीचशी शौचावाटे निघून जाते. वरून काही कळतही नाही, हीच खरी पंचाईत.

त्यापेक्षा गोळी सकाळी पेज खाऊन, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये. जळजळ त्यानेच बरीच कमी होते. आठला गोळी घेतली, तर बाटलीला अकराच्या आत हात लावू नये. मग एकला जेवण, दोनला औषध. जेवणानंतर तासाभराने का? रिकाम्या पोटातून औषध अर्ध्या तासात पुढे सरकतं. भात-आमटी पोटात असेल तर तेच दोन-तीन तास थांबतं. रात्रीचं झोपताना, कारण आडवं झालं की आम्ल वर चढतं. नऊला जेवून दहाला झोपणाऱ्याला जेवणानंतरचा आणि झोपतानाचा असे दोन डोस लागत नाहीत, दोन्ही वेळा एकच. रक्तवाढीची लोहाची गोळी संध्याकाळी पाचला घेतली तर दोन्ही बाजूंनी अंतर राहतं. थायरॉईडच्या गोळीला मात्र चार तास हवेत. ती पहाटे उपाशीपोटी घेणाऱ्यांना अडचण नाही.

आता बाटली. ठेवून दिलेल्या ताकासारखी निवळी वर येते आणि औषध तळाला बसतं. न हलवता ओतलं तर पहिले काही दिवस नुसतं गोड पाणी पोटात जातं, आणि शेवटी उरलेला घट्ट गाळ एकदम. त्यातल्या मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने मलावरोध. बाटली उलटी करून तळ सुटेपर्यंत हलवावी. डोस बहुधा दहा मिलीचा असतो, तरी लेबल वाचावं आणि टोपीवरच्या खुणेनेच मोजावं. घरातले चमचे एकसारखे नसतात. तोंडाशी सुकलेली पांढरी खपली पुसून टाकावी, नाहीतर झाकण नीट बसत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध नको, कारण हे क्षार अंगात साठतात. दोन आठवडे रोज लागत असेल तर तपासून घ्यावं. आणि जळजळीबरोबर घाम फुटला, धाप लागली किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे गेलं, तर बाटली शोधत बसू नये, गाडी शोधावी.